टक्क्यांमागचा छेद : बॅटरीच्या खर्चाची चित्रे कशी वाचावीत

मोबाइल फोनमधील बातम्यांचे एखादे ॲप मंगळवारी रात्री बॅटरीच्या खर्चाच्या यादीत २५ टक्क्यांवर दिसते आणि बुधवारी रात्री तेच ॲप त्याच यादीत १० टक्क्यांवर उतरलेले आढळते. तेव्हा या ॲपने बॅटरी अधिक खाल्ली ती कोणत्या दिवशी, असे कोणी विचारले, तर शंभरातले नव्वद लोक क्षणाचाही विलंब न लावता ‘मंगळवारी’ असे उत्तर देऊन मोकळे होतील. परंतु ज्या पाच दिवसांच्या हिशेबाचा तपशील या लेखात पुढे येणार आहे, त्यात या ॲपचा खर्च दोन्ही दिवशी जवळजवळ सारखाच निघतो. यादीतील आकडे खोटे नसतात, आणि वाचणाऱ्याची दृष्टीही अधू नसते. अडचण एवढीच असते की टक्केवारी हा मुळात एक अपूर्णांक असून त्याचा छेद त्या यादीत छापलेला नसतो. तो छेद शोधून काढणे, आणि मग अनेक दिवसांची चित्रे एका रांगेत मांडून कोणत्या ॲपने किती खर्च केला हे ठरवणे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

### एक मीटर, अनेक बिऱ्हाडे

आकडे वाचण्यापूर्वी ते आकडे येतात कोठून, हे ध्यानात घेतले पाहिजे. जुन्या वाड्यांत विजेचा मीटर पुष्कळदा एकच असे आणि बिऱ्हाडे दहा असत. महिनाअखेर आलेल्या बिलाची वाटणी करताना मालक प्रत्येकाच्या खोलीत दिवे किती, ते किती वाजेपर्यंत जळतात, याचा अदमास घेऊन ज्याच्या त्याच्या नावे रक्कम मांडीत असे. फोनमधील व्यवस्था जवळपास याच धर्तीची आहे. बॅटरीतून एकंदर किती विद्युत्प्रवाह बाहेर पडला, हे मोजणारी यंत्रणा फोनमध्ये असते. पण प्रत्येक ॲपला स्वतंत्र मीटर बसवलेला नसतो.

मग वाटणी होते कशी? अँड्रॉइड ही फोनची संचालनप्रणाली प्रत्येक ॲपच्या नावे एक रोजनिशीच ठेवते : त्याने प्रोसेसर किती वेळ आणि कोणत्या वेगाने राबवला, मोबाइलच्या किंवा वायफायच्या लहरींवरून किती देवघेव केली, स्थळ शोधणारे जीपीएस किती वेळ चालू ठेवले, कॅमेरा उघडला की नाही. यांपैकी प्रत्येक भाग चालू असताना किती प्रवाह ओढतो, याचे कोष्टक फोनच्या उत्पादकाने `power_profile.xml` नावाच्या फाइलीत आधीच भरून दिलेले असते. वेळ गुणिले प्रवाह असा सरळ गुणाकार करून ॲपच्या नावे खर्च मांडला जातो. गूगलच्या पिक्सेल ६ पासून पुढच्या फोनांसारख्या काही यंत्रांत निरनिराळ्या भागांकडे जाणारी वीज प्रत्यक्ष मोजण्याची सोय आहे खरी. तथापि तो भाग अनेक ॲपांनी मिळून वापरला असल्यास प्रत्येकाचा वाटा किती, हे तेथेही हिशेबानेच ठरवावे लागते. सारांश, यादीतला आकडा हा अंदाज आहे. मात्र तो नियमाने बांधलेला अंदाज असल्यामुळे एकाच फोनवरील निरनिराळ्या दिवसांची तुलना करण्यास उपयोगी पडतो.

### चित्र केव्हा घ्यावे

अँड्रॉइडच्या बहुतेक अलीकडच्या फोनांत `Settings`, `Battery`, `Battery usage` या क्रमाने गेल्यास एक आलेख आणि त्याखाली ॲपांची यादी दिसते. हा हिशेब पुष्कळ ठिकाणी मागच्या पूर्ण चार्जिंगपासूनचा असतो. म्हणजे रात्री फोन चार्जरला लावून सकाळी पूर्ण भरला की आधीचा जमाखर्च निकालात निघून नवे पान सुरू होते. म्हणूनच स्क्रीनशॉट घ्यायचा तो सकाळी नव्हे, तर रात्री चार्जर लावण्याच्या अगोदर. एक चित्र आलेखाचे आणि एक यादीचे, अशी दोन्ही चित्रे पाठोपाठ घ्यावीत, कारण यादीचा छेद आलेखातच दडलेला असतो; नुसत्या यादीच्या चित्राने काहीच सिद्ध होत नाही. प्रत्येक ॲपच्या खाली `Screen time` आणि `Background` असे दोन कालावधी दिलेले असतात; तेही चित्रात यावेत इतपत यादी सरकवून घ्यावी.

काही फोनांत मात्र हिशेब ‘गेल्या २४ तासांचा’ असतो. तेथे सोमवारचे चित्र रात्री नऊला आणि मंगळवारचे सायंकाळी सहाला घेतले, तर मधले तीन तास दोन्ही चित्रांत मोजले जातात आणि त्या तीन तासांत पाहिलेला क्रिकेटचा सामना दोन दिवसांच्या नावे चढतो. अशा फोनवर चित्रे रोज एकाच वेळी घेणे हाच उपाय. आयफोनच्या पुष्कळ आवृत्त्यांत गेल्या १० दिवसांचे उभे स्तंभ दिसतात, आणि स्तंभावर बोट ठेवले की त्या एकाच दिवसाची यादी समोर येते. तेथे स्तंभाची उंची हाच त्या दिवसाचा एकूण खर्च होय.

### टक्के कशाचे?

आता मुख्य प्रश्न. यादीत ‘१५ टक्के’ असे लिहिले असेल, तर त्याचे दोन अर्थ संभवतात. एक, संपूर्ण बॅटरीच्या १५ टक्के. दुसरा, आज जो काही खर्च झाला त्याच्या १५ टक्के. फोन दिवसभरात १०० वरून ४० वर आला असेल, तर पहिल्या अर्थाने ॲपने बॅटरीचा १५ शतांश भाग खर्च केला आणि दुसऱ्या अर्थाने ६० च्या १५ टक्के, म्हणजे केवळ ९ शतांश. अँड्रॉइडच्या आणि फोन-उत्पादकांच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत हे दोन्ही प्रकार आढळतात, आणि पडद्यावर त्याचा खुलासा क्वचितच केलेला असतो.

सुदैवाने त्याची कसोटी सोपी आहे. यादीतील सर्व टक्क्यांची बेरीज करावी. बेरीज १०० च्या जवळ आली, तर ते टक्के त्या दिवसाच्या खर्चातील हिस्से आहेत. बेरीज आलेखातील घटीच्या जवळ आली, म्हणजे वरील उदाहरणात ६० च्या आसपास आली, तर ते टक्के संपूर्ण बॅटरीचे आहेत. ज्या दिवशी फोन जवळजवळ पूर्ण उतरला असेल त्या दिवशी ही कसोटी लावू नये, कारण तेव्हा दोन्ही बेरजा सारख्याच येतात. घोटाळा टाळण्यासाठी या लेखात पुढे खर्चातील हिश्शाला ‘टक्के’ आणि संपूर्ण बॅटरीच्या शंभराव्या भागाला ‘शतांश’ म्हटले आहे. बॅटरी ५००० मिलिअँपिअर-तासांची असेल, तर एक शतांश म्हणजे ५० मिलिअँपिअर-तास.

एकूण घट काढतानाही थोडी दक्षता हवी. दिवसात मध्येच फोन चार्ज केला असेल, तर सकाळच्या पातळीतून रात्रीची पातळी वजा करून भागत नाही. आलेखातील उतरत्या रेषा तेवढ्या वेचून त्यांची बेरीज करावी लागते.

### पाच दिवसांचा हिशेब

पुढील कोष्टक नमुन्यादाखल रचलेले आहे. फोन ५००० मिलिअँपिअर-तासांचा, यादी टक्क्यांची बेरीज १०० येणारी आणि पडद्याचा खर्च त्या त्या ॲपच्याच नावे मांडणारी. शुक्रवारी फोन ९५ वरून ४५ वर आला, दुपारी तो ७५ पर्यंत चार्ज केला आणि रात्री तो ५५ वर होता. म्हणून त्या दिवसाची घट ५० अधिक २०, म्हणजे ७० शतांश.

| वार | एकूण घट | व्हिडिओ | संदेश | बातम्या | नकाशा |
|---|---|---|---|---|---|
| सोमवार | ६० | ३०% = १८ | २०% = १२ | १५% = ९ | – |
| मंगळवार | ३० | २०% = ६ | ३०% = ९ | २५% = ७.५ | – |
| बुधवार | ८० | १५% = १२ | १५% = १२ | १०% = ८ | ४०% = ३२ |
| गुरुवार | ५० | ३६% = १८ | २०% = १० | १६% = ८ | – |
| शुक्रवार | ७० | ४०% = २८ | १४% = ९.८ | १२% = ८.४ | – |
| बेरीज | २९० | ८२ | ५२.८ | ४०.९ | ३२ |

प्रत्येक घरात आधी यादीतला टक्का आणि नंतर त्याचे शतांशांत केलेले रूपांतर दिले आहे. बातम्यांचा स्तंभ वरून खाली वाचला, की टक्के १० पासून २५ पर्यंत हेलकावे खात असताना शतांश मात्र ७.५ आणि ९ यांच्या दरम्यान स्थिर राहिलेले दिसतात. मंगळवारी फोनचा वापर एकंदरीतच अल्प असल्यामुळे या ॲपचा हिस्सा फुगला. बुधवारी प्रवासात नकाशाने मोठा घास घेतल्यामुळे तोच हिस्सा आक्रसला. ॲपचे वर्तन बदललेच नव्हते, बदलला तो छेद. व्हिडिओच्या स्तंभात याच्या उलट, शतांशच ६ पासून २८ पर्यंत पसरलेले आहेत. येथे खर्चच खरोखर कमीअधिक झाला.

एका दिवसाच्या चित्रावर विसंबून निवाडा दिला असता, तर काय झाले असते, हेही पाहण्यासारखे आहे. बुधवारचे चित्र हाती घेणाऱ्याने नकाशाला प्रमुख दोषी ठरवले असते. वस्तुतः तो पाच दिवसांत एकदाच वापरला गेला. मंगळवारचे चित्र पाहणाऱ्याने संदेशांच्या ॲपला पहिला क्रमांक दिला असता. पाच दिवसांच्या बेरजेत मात्र व्हिडिओ पहिला, संदेश दुसरा आणि बातम्या तिसऱ्या, असा क्रम लागतो, आणि तो बहुतांशी भरवशाचा आहे.

### पडद्यावरचा खर्च आणि पडद्यामागचा

तथापि सर्वाधिक खर्च करणारे ॲप हेच सर्वाधिक उधळे, असे म्हणता येत नाही. ज्या ॲपपुढे मनुष्य तास-दोन तास बसतो, त्याने बॅटरी खर्च करणे क्रमप्राप्तच आहे. म्हणून दुसरा भागाकार करावा लागतो : शतांश भागिले वापराचे तास.

व्हिडिओचा `Screen time` या पाच दिवसांत अनुक्रमे ९०, ३५, ६०, ८० आणि १३५ मिनिटे होता, असे धरू. बेरीज ४०० मिनिटे, म्हणजे ६ तास ४० मिनिटे. ८२ शतांशांना त्याने भागले की ताशी सुमारे १२ शतांश येतात. एकेका दिवसाचा दर काढला, तरी तो १० ते साडेतेरा यांच्यातच राहतो. दर स्थिर आणि खर्च वेळेच्या प्रमाणात, याचा अर्थ हा खर्च पाहणाऱ्याच्या मर्जीचा आहे. तो कमी करायचा, तर पडद्याची प्रखरता उतरवावी किंवा पाहणे आवरावे. संदेशांच्या ॲपचा पडद्यावरील काळ पाच तास होता असे मानले, तर त्याचा दरही ताशी साडेदहाच्या आसपास येतो आणि त्यातही वावगे काही दिसत नाही.

बातम्यांचे प्रकरण निराळे. पाच दिवसांत ते ॲप डोळ्यांपुढे होते सारी ५० मिनिटे, आणि त्याच्या नावे ४१ शतांश लागले आहेत. वरवर भागाकार केला, तर दर ताशी ४९ येतो, जो व्हिडिओच्या चौपट आहे आणि मजकूर वाचण्याच्या कामाला सर्वथैव अशक्य आहे. अर्थात, खर्च पडद्यामागे होत असला पाहिजे. तो किती, याची किमान मर्यादाही बांधता येते. बातम्या वाचण्यास व्हिडिओइतकीच वीज लागते असे अगदी उदारपणे गृहीत धरले, तरी ५० मिनिटांचे १० शतांश होतात. उरलेले ३१ शतांश, म्हणजे दररोज ६ हून थोडे अधिक, ॲप मिटलेले असताना गेले. फोनच्या क्षमतेत बोलायचे, तर रोज सुमारे ३०० मिलिअँपिअर-तास. आणि दिवसाच्या सरासरी ५८ शतांशांच्या घटीत त्याचे प्रमाण एक दशांशाहून थोडे अधिक.

`Background` या शब्दापुढील काळावरून मात्र खर्च ताडू नये. तो काळ ॲप मागे चालू होते एवढेच सांगतो. पाच तास मागे राहून एखादे ॲप जवळजवळ निष्क्रिय असू शकते आणि दुसरे दहा मिनिटांतच जीपीएस चालवून पुष्कळ वीज ओढू शकते.

### हिशेब कोठे फसतो

पहिली तफावत पूर्णांकांमुळे येते. यादीतला १५ हा आकडा साडेचौदा ते साडेपंधरा यांपैकी काहीही असू शकतो, आणि बॅटरीची पातळीही पूर्णांकातच दिलेली असते. मोठ्या आकड्यांत याने फारसे बिघडत नाही : ६० शतांशांच्या घटीत १५ टक्के म्हणजे ८.७ ते ९.३ शतांश. परंतु एक टक्क्यावरील ॲप प्रत्यक्षात अर्धा किंवा दीड टक्काही असू शकते, म्हणजे या दोन टोकांत तिपटीचे अंतर संभवते. यादीच्या तळाशी असलेल्या ॲपांचा क्रम लावण्यात म्हणून अर्थ नाही. बातम्यांच्या ॲपचे मंगळवारचे ७.५ आणि बुधवारचे ८ यांत ‘बुधवारी अधिक’ असे न म्हणता ‘जवळजवळ सारखे’ म्हटले, ते याच कारणास्तव. ज्या दिवशी एकूण घटच दहा-पंधरा शतांशांची असेल, त्या दिवसाचे चित्र हिशेबातून वगळलेले बरे.

दुसरी तफावत लहरींच्या दुर्बलतेची. घाटात, तळघरात किंवा धावत्या रेल्वेत मोबाइलची रेंज क्षीण झाली, की तेवढीच माहिती आणण्यास फोनला अधिक वीज खर्चावी लागते, आणि ती वाढ त्या वेळी माहिती मागणाऱ्या ॲपच्या माथी बसू शकते. प्रवासाच्या दिवशी सर्वच ॲपांचे शतांश एकदम चढलेले दिसले, तर दोष ॲपांचा नसून रेंजचा आहे, असे समजावे.

तिसरी अडचण नावांची. स्थळ शोधणे किंवा सूचना पोहोचवणे यांसारखी कामे अनेक ॲपांच्या वतीने ‘गूगल प्ले सर्व्हिसेस’ ही सामाईक सेवा करते, आणि त्या कामाचा काही भाग तिच्याच नावे लिहिला जातो. ती यादीत वर आली, तर तिला काम सांगणारे ॲप कोणते, हे पाहावे लागते. त्याचप्रमाणे अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्त्यांत पडद्याचा खर्च `Screen` अशा स्वतंत्र ओळीत दाखवला जाई. अशा यादीत व्हिडिओचे ॲप विनाकारण सोवळे ठरते.

शेवटी बॅटरीच्या वयाची गोष्ट. शंभर शतांश म्हणजे बॅटरीची आजची भरलेली स्थिती, कारखान्यातून निघतानाची नव्हे. क्षमता मूळच्या ८० टक्क्यांवर आली असेल, तर एक शतांश ५० ऐवजी ४० मिलिअँपिअर-तासांचा होतो, आणि कोणत्याही ॲपने काहीही अधिक न करता सर्वांचेच शतांश सव्वापट दिसू लागतात.

> गोषवारा
> १. चार्जर लावण्यापूर्वी रात्री आलेखाचे आणि यादीचे चित्र घ्यावे. निदान पाच दिवस.
> २. आलेखातील उतरत्या रेषांची बेरीज करून एकूण घट काढावी.
> ३. यादीची बेरीज १०० येत असल्यास टक्के गुणिले घट, भागिले १०० असे करून शतांश काढावेत. बेरीज घटीइतकी येत असल्यास टक्के हेच शतांश.
> ४. शतांशांना पडद्यावरील तासांनी भागावे. दर अवास्तव आला, तर खर्च पडद्यामागे आहे.
> ५. एक-दोन टक्क्यांच्या ॲपांवर निष्कर्ष काढू नये.

### निष्कर्षाची पडताळणी

इतका हिशेब झाल्यावर बातम्यांच्या ॲपवर ठपका ठेवता येतो. पण ठपका सिद्ध व्हायचा, तर प्रयोग करावा लागतो. ॲपच्या माहितीच्या पानावरील बॅटरीच्या विभागात `Restricted` हा पर्याय निवडला, किंवा काही नव्या आवृत्त्यांत `Allow background usage` हे बटण बंद केले, की ॲपला पडद्यामागे काम करण्यास बहुतांशी मनाई होते. बदल एकाच ॲपपुरता करावा. चार ॲपांवर एकदम निर्बंध घातले, तर कोणामुळे काय साधले ते कळत नाही. त्यानंतर पुन्हा पाच रात्री चित्रे घेऊन तेच कोष्टक मांडावे. निदान बरोबर असेल, तर त्या ॲपचे शतांश रोजच्या आठावरून दोनाच्या आसपास उतरले पाहिजेत. एकूण घटीकडे पाहून निर्णय देऊ नये, कारण ती रोजच्या वापराप्रमाणे तीस ते ऐंशीपर्यंत हलत असते आणि सहा शतांशांची बचत तिच्यात दिसून येत नाही.

शतांश उतरले नाहीत, तर निर्बंध काढून टाकावा आणि पडद्यावरील वेळेचा आकडा पुन्हा तपासावा. आणि उतरले, तरी एक किंमत मोजावी लागते, ती अशी की त्या ॲपच्या सूचना उशिरा येतील किंवा येणारच नाहीत. बातम्यांच्या बाबतीत हा सौदा परवडण्याजोगा आहे. संदेश, बँक किंवा घरातील वृद्धांच्या औषधांची आठवण देणारे ॲप यांच्यावर मात्र सहा शतांशांसाठी असा निर्बंध घालू नये.